यादीत नाव नाही: साउंडेक्सची गोष्ट, सिरोंचा ते वॉशिंग्टन

आजच्या भागात थोडा इतिहास आहे, थोडा कोड आहे आणि माझी एक चूक आहे. चुकीपासूनच सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी गडचिरोलीत कॉलेजच्या मुलामुलींचं दोन दिवसांचं निवासी शिबिर होतं. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला नोंदणीच्या टेबलावर बसवलं. समोर लॅपटॉप आणि त्यात एक शीट. आलेल्या माणसाने नाव सांगायचं, मी कंट्रोल-एफ दाबून शोधायचं, टिक करायची आणि खोलीचा नंबर द्यायचा. सोपं काम.

संध्याकाळी पाचच्या सुमारास सिरोंचाकडून एक मुलगी आली. सिरोंचा ते गडचिरोली म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपास, आलापल्लीच्या जंगलातून येणारी एसटी. तिने नाव सांगितलं, सरिता मडावी. (नावं मी बदलली आहेत, पण स्पेलिंगची गंमत तशीच ठेवली आहे.) मी `Sarita Madavi` टाईप केलं. काही नाही. नुसतं `Sarita` टाकलं, तरी काही नाही. नुसतं `Madavi` टाकलं तर अकरा नावं आली. त्यातली एक `Savita Madavi` होती, पण तिच्यापुढे आधीच टिक झालेली.

मी म्हटलं, "ताई, तुमचं नाव यादीत नाहीये. जरा बसा, विचारतो." ती बसली. रात्री आठपर्यंत व्हरांड्यातच बसून होती. आठ वाजता वसतिगृहाच्या मॅडम त्यांचा हातानं लिहिलेला कागद घेऊन आल्या, तेव्हा उलगडा झाला. तिचं नाव माझ्या शीटमध्येही होतं: `M Saritha`. फॉर्म तिनेच भरला होता. नाव तिचं, स्पेलिंगही तिचंच, आणि यादीत नाही असं तिला सांगणारा मी. तोपर्यंत तिची खाट दुसऱ्या कुणाला दिली गेली होती. ती काही बोलली नाही, फक्त एवढं म्हणाली, "दादा, मला वाटलं परत जावं लागतं का काय."

त्या रात्री मी जे शोधायला बसलो, ते मला शंभर वर्षं मागे घेऊन गेलं.

कार्डांचं कपाट

1918 साली अमेरिकेत रॉबर्ट रसेल नावाच्या माणसाला एक पेटंट मिळालं. त्याचा प्रश्न साधा होता. ऑफिसात हजारो कार्डं असतात आणि ती नावाच्या अक्षरक्रमाने लावलेली असतात. पण ऐकून लिहिलेलं नाव प्रत्येक जण वेगळं लिहितो. `Smith` आणि `Smyth` ऐकायला एकच, पण कपाटात एकमेकांपासून लांब पडतात. रसेलची युक्ती अशी: कार्डं अक्षरांवर लावूच नका, आवाजावर लावा. सारखी वाटणारी व्यंजनं एका गटात टाका आणि गटाला आकडा द्या. यातूनच पुढे साउंडेक्स ही पद्धत रुळली.

तिचे नियम आजही बऱ्याच डेटाबेसमध्ये तेच आहेत. नावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं. B, F, P, V यांना 1. C, G, J, K, Q, S, X, Z यांना 2. D आणि T यांना 3. L ला 4, M आणि N ला 5, R ला 6. स्वर, Y, H आणि W यांना आकडा नाही. एकाच गटातली दोन अक्षरं लागून आली तर आकडा एकदाच. तीन आकडे झाले की थांबायचं, कमी पडले तर शून्यं जोडायची. `Smith` आणि `Smyth` दोन्ही होतात `S530` आणि दोन्ही कार्डं एकाच खणात जातात.

ही युक्ती खरी कामाला आली 1930 च्या दशकात. 1935 साली अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला आणि म्हातारपणी पेन्शन मिळू लागली. त्यासाठी वयाचा पुरावा हवा. पण त्या पिढीतल्या अनेकांकडे जन्माचा दाखलाच नव्हता. आपल्या आजीला विचारा जन्मतारीख, "मोठा पूर आला त्या वर्षी" असं उत्तर येईल, तशीच ही परिस्थिती. मग पुरावा कुठला? लहानपणी घरी आलेल्या जनगणनेवाल्याने केलेली नोंद. म्हणून बेरोजगारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून माणसं बसवली आणि 1880 च्या जनगणनेत ज्या घरांत दहा वर्षं किंवा त्याहून लहान मुलं होती, त्या घरांची साउंडेक्सची कार्डं तयार करून घेतली. 1900 आणि 1920 च्या जनगणनांचीही अशीच सूची झाली.

आता हे चित्र डोळ्यासमोर आणा. टेबलाच्या एका बाजूला म्हातारा माणूस, जो स्वतःचं नाव एका पद्धतीने सांगतोय. दुसऱ्या बाजूला कारकून, ज्याच्याकडची यादी पन्नास वर्षांपूर्वी भलत्याच माणसाने ऐकून लिहिली आहे. नाव सापडलं तर पेन्शन, नाही सापडलं तर "जरा बसा". माझं गडचिरोलीतलं टेबल आणि ते टेबल यात मला फारसा फरक दिसला नाही.

मग मडावी का सापडत नाही?

मी खूश झालो. उत्तर शंभर वर्षांपूर्वीच तयार आहे, साउंडेक्स लावू आणि मोकळे होऊ. लावलं. पहिलीच चाचणी केली मडावीवर.

`Madavi`: M ठेवला, D चे 3, V चा 1, म्हणून `M310`. आता तेच आडनाव कुणी `Madawi` असं लिहिलं तर? M, D चे 3 आणि W ला आकडाच नाही. झालं `M300`. एकच आडनाव दोन खणांत गेलं. मग गंमत म्हणून `Madhavi` टाकलं, म्हणजे आपली माधवी. H ला आकडा नाही, त्यामुळे तिचाही `M310`. म्हणजे यंत्राच्या मते मडावी आणि माधवी एकच, पण मडावी आणि मडावी वेगवेगळे!

हा बग नाही. रसेलच्या माणसांच्या तोंडी W हा अर्धवट, निसटता आवाज आहे, म्हणून तो गाळला तर चालतो. आपल्याकडे `V` आणि `W` ही एकाच 'व'ची दोन कपडे बदललेली रूपं आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातलंच बघा, वरोरा कुणी `Warora` लिहितं, कुणी `Varora`. साउंडेक्स पहिलं अक्षर तसंच ठेवतं, म्हणून एक `W660` होतं आणि दुसरं `V660`. उलट H हा आपल्याकडे सजावटीचा नाही. द आणि ध, ड आणि ढ यांच्यातला सगळा फरक तोच तर दाखवतो.

थोडक्यात, साउंडेक्स म्हणजे आवाजाचं शास्त्र नाही. तो एका विशिष्ट देशातल्या कारकुनाचा कान आहे. तोच कान आपण डेटाबेसमधून उचलून गडचिरोलीच्या टेबलावर बसवतो आणि मग म्हणतो, मुलीने स्पेलिंग चुकवलं.

आमच्या जिल्ह्यातले चार कान

सरिताने काही चुकवलं नव्हतं, हे कळायला सिरोंचाचा इतिहास आठवावा लागतो. प्राणहिता आणि गोदावरी जिथे मिळतात तिथलं हे गाव. नदीपलीकडे तेलंगणा. इंग्रजांच्या काळात सिरोंचा हे अप्पर गोदावरी नावाच्या वेगळ्या जिल्ह्याचं मुख्यालय होतं. 1874 मध्ये तो जिल्हा मोडला आणि सिरोंचाचा भाग चांदा जिल्ह्याला जोडला गेला. चांद्याचं चंद्रपूर झालं, 1982 मध्ये त्यातून गडचिरोली वेगळा जिल्हा निघाला, पण सिरोंचाच्या बाजारात तेलुगू तशीच राहिली.

तेलुगू वळणाने इंग्रजीत लिहिताना 'त'साठी `th` लिहितात, कारण नुसता `t` हा 'ट'साठी राखलेला असतो. म्हणून ज्योती होते `Jyothi`, लता होते `Latha` आणि सरिता होते `Saritha`. आडनाव आधी आणि तेही एका अक्षरात, ही सवयही तिकडचीच. `M Saritha` हे त्या पद्धतीने अगदी बिनचूक नाव आहे.

मग बाकीचे कान. मराठी शाळेच्या यादीत आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं, तेही देवनागरीत. चामोर्शी आणि मुलचेरा भागात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावं आहेत, तिथे `Biswas` हे आडनाव मराठी कारकुनाच्या हातून सहज 'विश्वास' होतं. आणि या सगळ्यांच्या मध्ये गोंडी बोलणारी गावं, जिथली आत्राम, मडावी, सिडाम, गेडाम ही आडनावं आधी मराठी मास्तरांनी ऐकून लिहिली आणि नंतर कुणीतरी त्यांचं इंग्रजी केलं. कधी `Atram`, कधी `Aatram`. एका जिल्ह्यात लिहिण्याच्या निदान चार सवयी आहेत. आमच्या तीन याद्या तीन वेगवेगळ्या हातांनी केल्या होत्या, त्या जुळल्या असत्या तरच नवल.

दुसरी युक्ती: किती बोटं चुकली?

साउंडेक्स ऐकण्यातला फरक पकडतं. टायपिंगमधली चूक वेगळी असते. तिचा इतिहासही वेगळा आहे आणि तो 1960 च्या दशकातला आहे.

1964 मध्ये आयबीएमच्या फ्रेडरिक डॅमेराऊ यांनी एक निबंध छापला. त्यांनी तपासलेल्या स्पेलिंगच्या चुकांपैकी 80 टक्क्यांहून जास्त चुका चारच प्रकारच्या निघाल्या: एक अक्षर चुकीचं, एक गळालेलं, एक जास्तीचं, किंवा शेजारची दोन उलटसुलट. पुढच्याच वर्षी मॉस्कोत व्लादिमीर लेवेनश्टाइन यांनी अंतराचं गणित मांडलं. त्यांचा विषय नावं नव्हताच, संदेश पाठवताना बिघडणाऱ्या कोडचा होता. एका शब्दाचा दुसरा करायला किमान किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात, ती संख्या म्हणजे लेवेनश्टाइन अंतर.

`Sarita` ते `Saritha`: एक अक्षर घातलं, अंतर 1. छान. पण `Sarita` ते `Savita`? एक अक्षर बदललं, तिथेही अंतर 1. यंत्राला दोन्ही सारखेच जवळचे, आपल्याला मात्र पहिली जोडी एकच मुलगी आणि दुसरी जोडी दोन मुली. उलट `Laxmi` ते `Lakshmi` हे अंतर 3 येतं, आणि ती तर एकच लक्ष्मी! (इथे साउंडेक्स जिंकतं, दोन्हींचा कोड `L250`.)

याचा अर्थ असा की टेबलावर दोन प्रकारचे फरक एकत्र येतात. एक, बोट घसरलेलं. दोन, सवय वेगळी असलेली. सवयीचा फरक नियमाने येतो, म्हणून तो नियमानेच काढता येतो. तो आधी काढून टाका आणि उरलेल्यावर अंतर मोजा. त्या रात्री मी एवढंच केलं:

```python
NIYAM = [("ksh", "x"), ("sh", "s"), ("th", "t"),
         ("w", "v"), ("aa", "a"), ("ee", "i"), ("oo", "u")]

def saral(nav):
    nav = nav.lower()
    for june, nave in NIYAM:
        nav = nav.replace(june, nave)
    return sorted(nav.split())
```

शोधायचं नाव आणि यादीतलं नाव, दोन्ही याच चाळणीतून जातात. `Lakshmi` होते `laxmi`. `Saritha` होते `sarita`. `Madawi` होतं `madavi`. `Biswas` आणि `Vishwas` होतात `bisvas` आणि `visvas`, म्हणजे आता अंतर फक्त 1. `dh` ला मी मुद्दाम हात लावला नाही, त्यामुळे माधवी आणि मडावी चाळणीनंतरही वेगळ्या राहतात. शेवटच्या ओळीतलं `sorted` शब्दांचा क्रम एकसारखा करतं, म्हणजे आडनाव आधी की नंतर, हा वादच मिटतो. एका अक्षराचं आद्याक्षर असेल तर त्याच अक्षराने सुरू होणारा कोणताही शब्द त्याला चालतो, असा एक छोटा नियम वेगळा लावला. `M Saritha` त्यामुळेच सापडते.

देवनागरी यादी आधी रोमनमध्ये आणली. तिथे एक अडचण येते, अक्षराला चिकटलेला 'अ'. यंत्र 'गेडाम'चं `gedama` करतं, म्हणून शब्दाच्या शेवटचा 'अ' काढावा लागतो. मधला मात्र राहून जातो. 'वडसा'चं `vadasa` होतं, तर लोक `Wadsa` लिहितात. तिथे एका अक्षराची सूट कामाला येते.

ती सूटही मोजून द्यायची. सहा किंवा जास्त अक्षरांच्या शब्दाला एक, त्याहून लहान शब्दाला शून्य. चार अक्षरांच्या नावातलं एक अक्षर म्हणजे पाव नाव बदललं.

तिसरा गठ्ठा

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. एवढं करूनही 'सरिता मडावी' शोधल्यावर दोन नावं समोर येणार, `M Saritha` आणि `Savita Madavi`. कुणी ठरवायचं?

1969 मध्ये कॅनडाच्या सांख्यिकी खात्यातल्या इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी याद्या जुळवण्याचा सिद्धांत मांडला. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी दोन नव्हे, तीन गठ्ठे केले: जुळलं, नाही जुळलं आणि बहुतेक जुळलं. तिसरा गठ्ठा माणसाने तपासायचा. दुसरी गोष्ट: दुर्मीळ नाव जुळलं तर त्याला वजन जास्त, सगळीकडे आढळणारं जुळलं तर कमी. आमच्या यादीत 'मडावी' जुळलं याला काय अर्थ, अकरा मडावी होते! पण गाव जुळलं तर मोठी गोष्ट, कारण एका गावाहून एखाददुसरीच आली होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी टेबलावरची पद्धत बदलली. यंत्र एकच नाव निवडणार नाही, जवळची दोन-तीन दाखवेल आणि प्रत्येकापुढे गाव. मी विचारणार, "गाव कोणतं?" यात एक खाच आहे, ती माझ्या लक्षात उशिरा आली. "तुम्ही सविता का?" असं कधीच विचारू नका. दिवसभर प्रवास करून आलेली, नवख्या जागी घाबरलेली मुलगी गर्दीत हो म्हणून मान हलवते. आदल्या दिवशी मी तेच केलं असतं तर सरिता सविताच्या खोलीत गेली असती आणि आम्हाला पत्ताही लागला नसता. उत्तर तिच्या तोंडून यायला हवं, आपल्या स्क्रीनवरून नाही.

चूक झालीय हे ओळखायच्या दोन खुणाही सांगतो. रात्री यादी मिटवताना बघा: एका ओळीवर दोनदा टिक करायची वेळ आली का? मग चुकीचं माणूस जुळवलंय. एक माणूस 'यादीत नाही' म्हणून हाताने लिहिलं गेलंय आणि यादीत एक मिळतंजुळतं नाव 'आलं नाही' म्हणून उरलंय? मग खरं माणूस हुकलंय. यंत्राची सूट वाढवली की पहिली चूक वाढते, कमी केली की दुसरी. दोन्ही शून्यावर आणणारा आकडा मला तरी सापडला नाही. शिबिरात मी सूट जास्त ठेवली, कारण तिथे एक प्रश्न जादा विचारणं स्वस्त आणि एखादीला बाहेर बसवणं महाग. औषध द्यायचं असतं किंवा पैसे वाटायचे असते, तर उलटं केलं असतं.

माझ्या चाळणीलाही मर्यादा आहेत. `th` चा `t` केला की 'थ' आणि 'त' यांच्यातला फरक जातो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईला ती शोधू शकत नाही, कारण तिथे आवाज बदलत नाही, नावच बदलतं. आणि हे नियम गडचिरोलीचे आहेत. गोव्यात टेबल मांडलं तर `Naik` आणि `Naique` साठी नवे लिहावे लागतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरिता चहाच्या रांगेत भेटली. मी तिला माफी मागून विचारलं, "तुम्ही `th` का लिहिता?" ती हसली आणि म्हणाली, "आमच्याकडे असंच लिहितात. नुसतं `t` लिहिलं तर सरिटा होते ना, दादा."

नियमांच्या यादीतली तिसरी जोडी तेव्हापासून मी तिच्याच नावाची समजतो.

तुमच्या भागात नावं लिहायची कोणती सवय आहे, ते मला जरूर कळवा. माझ्या चाळणीत अजून जागा आहे. भेटू पुढच्या भागात.